पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही, या विचारात असलेल्या भावासाठी गाणं कसं लिहावं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेत दोन गुणांनी राहिला. पुन्हा बसायचं की नाही हे त्याचं ठरत नाहीये. त्याच्यासाठी एक गाणं लिहून, स्वतः म्हणून द्यायचं आहे. मी लिहिलं ते असं: "ऊठ वीरा, झेप घे रे, शिखर तुझे तू सर कर रे." वाचून मलाच ते भिंतीवरच्या पोस्टरसारखं वाटतं. चालीतही नीट बसत नाही. कुठे चुकतंय आणि नीट कसं लिहायचं?

उत्तर:

तुमच्या ओळीत शब्द कमी पडलेले नाहीत. ती चुकीच्या जागी उभं राहून बोलते आहे. 'ऊठ', 'झेप घे', 'सर कर' हे तीन हुकूम झाले. भावाचं अजून ठरलेलं नाही, आणि गाण्यानं मात्र त्याच्या वतीनं ठरवून टाकलं आहे. असं गाणं तो ऐकेल, "छान आहे" म्हणेल आणि पुन्हा लावणार नाही. ते वाजेल तेव्हा तेव्हा त्याला तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि ते उत्तर त्याच्याकडे अजून नाही.

म्हणून आधी एक कसोटी ठरवून घ्या. ध्रुवपदाची ओळ लिहून झाली की विचारायचं: हा पुन्हा बसला आणि पुन्हा राहिला, तर त्या दिवशीही ही ओळ खरी असेल का? आणि त्यानं न बसायचं ठरवलं, तर ही ओळ ऐकून त्याला अपराधी वाटेल का? 'तू जिंकशील', 'यश तुझेच आहे', 'शिखर तुझे' या सगळ्या ओळी पहिल्याच प्रश्नाला पडतात. दोन गुणांनी राहिलेल्या माणसाला आपण किती जवळ होतो हेही माहीत असतं आणि पुढच्या वेळची खात्री कोणी देऊ शकत नाही हेही. खात्री देणाऱ्या ओळीवर त्याचा विश्वास बसत नाही. ध्रुवपद तर गाण्यात चार-पाच वेळा येतं, म्हणजे विश्वास न बसणारी गोष्ट तो चार-पाच वेळा ऐकतो.

दुसरी निवड बोलणाऱ्याची. 'तू' म्हणून लिहिलं की उपदेश होतो. 'आपण' म्हणून लिहिलं की खोटं वाटतं, कारण पेपर त्यानं एकट्यानं दिला होता. 'मी' म्हणून लिहा, आणि तो 'मी' म्हणजे भाऊ. म्हणाल तुम्ही, पण ओळ त्याच्या तोंडची असेल. याचा फायदा असा की गाणं आवडलं तर तो स्वतः गुणगुणू शकतो. 'ऊठ वीरा' स्वतःशी गुणगुणणारा माणूस सापडणं कठीण. मराठीत 'मी' लिहिताना क्रियापदात लिंग येतं, 'उघडतो' किंवा 'उघडते'. पण 'तो' आणि 'ते' दोन्ही गुरू, दोन मात्रांचे, त्यामुळे हेच गाणं उद्या एखाद्या मुलीसाठी म्हणायचं झालं तरी ताल मोडत नाही.

आता शब्दांकडे. जिद्द, ध्येय, वादळ, रणांगण, आकाश, पंख हे शब्द कोणाच्याही अपयशाला लागतात, म्हणून याच्या अपयशाला लागत नाहीत. लिहायला बसण्याआधी पंधरा-वीस वस्तूंची आणि क्रियांची यादी करा, फक्त या परीक्षेतल्या आणि त्याच्या रोजच्या अभ्यासातल्या. निकालाची यादी, बैठक क्रमांक, कटऑफची रेषा, उत्तरतालिका, उत्तरपत्रिकेवरचे गोल, खोडलेला पर्याय, शेवटच्या दहा मिनिटांत सोडलेला प्रश्न, समासातल्या खुणा, दुमडलेलं पान, अर्धी राहिलेली वही. भावाला "तुला कसं वाटतंय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर 'ठीक' असंच येतं. "पेपरमध्ये कोणत्या प्रश्नाची सगळ्यात जास्त चुटपुट लागली?" हे विचारा. मग तो सांगायला लागतो: दोन पर्याय उरले होते, बरोबर त्याच्यावर आधी खूण केली होती, मग बदलली. गाण्याचा एक पूर्ण अंतरा तुम्हाला इथेच मिळतो.

ताल पकडायला फार शास्त्र लागत नाही, मात्रा मोजता आल्या की पुरे. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट होत असेल तर ते अक्षर दोन मात्रांचं. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही दोनचं, म्हणून 'उत्तर' चार मात्रांचा. पण मराठीत सगळी जोडाक्षरं आघात देत नाहीत. 'जुन्या', 'पुन्हा', 'तुझ्या' यांत पहिल्या अक्षरावर जोर पडत नाही, म्हणून ते शब्द तीनच मात्रांचे. 'उद्या' मात्र 'उद्‌द्या' असा जोर देऊन म्हणतो, म्हणून चारचा. शंका आली की कागदाकडे बघायचं नाही. शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि कान काय सांगतो ते मोजायचं.

तुमच्यासारख्या नवख्या हाताला सोळा मात्रांची ओळ सगळ्यात सोयीची. पादाकुलक या वृत्ताची ही जुनी चाल आहे, आठ अधिक आठ. केरवा तालाचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, आठ मात्रांचं असतं, त्यामुळे एक ओळ बरोबर दोन आवर्तनांत बसते. अट एकच: आठव्या मात्रेवर शब्द संपला पाहिजे. बहुतेकांची ओळ इथेच फसते, कारण एकूण बेरीज बरोबर येते आणि तरी ओळ अडखळते. उदाहरणार्थ, 'उद्या सकाळी एकच पान' घ्या. चार, पाच, चार, तीन, म्हणजे सोळा. बेरीज चोख. पण 'उद्या सका' इथे सात मात्रा होतात आणि 'ळी' आठवीवर सुरू होऊन नववीत जाते. दुसरं आवर्तन सुरू होण्याची टाळी 'ळी'च्या मध्यावर पडते. मांडीवर ठेका धरून म्हणून बघा, जीभ आपोआप 'सका-ळी' असं तोडते. (या ओळीत दुसरीही खोट आहे. ती उद्यावर ढकलते. ठरत नसलेल्या माणसाला 'उद्या' हा शब्द फार सोयीचा वाटतो.)

तीच कल्पना आजवर आणली आणि शब्द हलवले की अशी ओळ होते:

एक पान मी आज उघडतो

'एक पान मी' आठ मात्रा, 'आज उघडतो' आठ. शिवाय आतली फोडही दोन्हीकडे सारखी आहे: एक (तीन), पान (तीन), मी (दोन), आज (तीन), उघड (तीन), तो (दोन). तीन-तीन-दोन ही वाटणी केरव्यावर सहज चालते, आणि ओळीला साध्या चार-चारपेक्षा थोडी ओढ देते. आता कसोटी लावा. तो पुन्हा राहिला तरी 'आज एक पान उघडलं' हे खरं राहतं. परीक्षेला न बसायचं ठरवलं तरी ओळ त्याला टोचत नाही, कारण पान कशाचं ते तिनं सांगितलेलं नाही. आणि ओळ जे सांगते ते त्याला आज करता येण्यासारखं आहे, अगदी वाईट दिवशीसुद्धा.

जोडओळ शोधताना 'उघडतो'ला यमक हवं. पहिल्या फटक्यात बहुतेक जण 'बघतो', 'करतो', 'चालतो' लावतात. हे यमक नाही, फक्त क्रियापदाचं शेपूट जुळलं आहे. मराठीत पुरुषाच्या तोंडची वर्तमानकाळाची जवळपास सगळीच क्रियापदं 'तो'वर संपतात, म्हणून 'तो'ला 'तो' जुळवण्यात काही हाती लागत नाही. त्याच्या आधीचा 'ड' आणि शक्यतो त्याच्याही आधीचा स्वर जुळला पाहिजे: अडतो, पडतो, घडतो, दडतो, निवडतो. ही यादी आधीच कागदाच्या कडेला लिहून ठेवा, कारण प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ याच यमकावर परत यायची आहे. यादीतून 'अडतो' घेतला तर:

एक पान मी आज उघडतो
जुन्या खुणांशी थोडा अडतो

जुन्या (तीन) खुणांशी (पाच), थोडा (चार) अडतो (चार). दुसरी ओळ कच्ची किंवा हरलेली वाटून तुम्हाला ती बदलावीशी वाटेल. 'थोडा'च्या जागी 'आता' घालून 'अडतो'चा 'लढतो' करावासा वाटेल. करू नका. ज्यानं मागच्या वर्षीचं पुस्तक पुन्हा उघडलं आहे त्याला माहीत असतं की पहिला अडथळा आपल्याच हातच्या जुन्या खुणांचा असतो. पान नवं नसतं, त्यावर गेल्या वर्षीचा आपण बसलेला असतो. ही गोष्ट गाण्यानं आधीच कबूल केली की ऐकणाऱ्याला आपण समजले गेलो असं वाटतं, आणि मग पुढची ओळ तो ऐकतो. धीर इथे 'थोडा' या एका शब्दात आहे. अडणं आहे, पण थोडं.

अंतरे तीनच ठेवा. प्रत्येक अंतऱ्यात दोन ओळी एका यमकाच्या आणि तिसरी ध्रुवपदाशी जुळणारी. तिन्ही अंतऱ्यांची कामं वेगळी हवीत, नाहीतर तेच दुःख तीनदा सांगून होतं. पहिल्यात घडलं ते सांगायचं, दुसऱ्यात नेमकी चूक, तिसऱ्यात निर्णय. पहिला:

नाव शोधता यादी सरली
दोन गुणांवर रेषा ठरली
कोणी पुसता मागे दडतो

इथे 'निकाल' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. 'निकाल' म्हणजे एक, दोन, एक. चारच्या गटात ठेवला तर ठेका 'नि'वर पडतो आणि बोलण्याचा जोर 'का'वर, त्यामुळे गाणारा नकळत 'नीकाल' म्हणून ओढतो. 'प्रयत्न'चंही तसंच, एक, दोन, एक. हे दोन शब्द या विषयात हमखास डोक्यात येतात आणि हमखास गाण्याची लय खातात. 'यादी' दोन-दोन असल्यानं सरळ बसतो, शिवाय तो डोळ्यांना दिसतो. 'परीक्षा' पाच मात्रांची आहे. तिला तीन मात्रांचा सोबती द्या, 'पुन्हा परीक्षा' म्हणजे बरोबर आठ.

'कोणी पुसता मागे दडतो' या तिसऱ्या ओळीवर घरच्यांचा आक्षेप येईल. 'दडतो' कशाला, त्याला लाज वाटेल, असं कोणीतरी म्हणेल. पण निकालानंतरचे दोन-तीन आठवडे खरा जाच अभ्यासाचा नसतो, "काय झालं रे?" या प्रश्नाचा असतो. लपणं उघडपणे बोलून दाखवलं की त्याचा भार थोडा उतरतो. फक्त हे पहिल्याच अंतऱ्यात यावं. शेवटच्या अंतऱ्यात आलं तर गाणं तिथेच बसून राहतं.

दुसरा अंतरा तुम्ही भावाला विचारलेल्या त्या चुटपुटीच्या प्रश्नातून येतो:

सुचले होते, मीच खोडले
सोपे होते, तेच सोडले
एकेकाशी आता भिडतो

गाण्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मी यालाच मानेन. पहिल्या दोन ओळी एकाच साच्याच्या आहेत: 'सुचले होते' आठ, 'मीच खोडले' पुन्हा तीन-तीन-दोन, 'सोपे होते' आठ, 'तेच सोडले' तीन-तीन-दोन. साचा तोच आणि चुका दोन वेगळ्या. एक घाबरून उत्तर बदलण्याची, दुसरी वेळ न पुरल्यानं सोपा प्रश्न मागे राहण्याची. 'मी नालायक आहे' हे कोणालाही दुरुस्त करता येत नाही. 'मी बरोबर उत्तर खोडलं' हे दुरुस्त करता येतं. खोडण्याआधी कारण सांगता आलं तरच खोडायचं, असा नियम सरावाच्या पेपरात लावता येतो. सोपे प्रश्न सुटू नयेत म्हणून पहिल्या फेरीत फक्त येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत उरलेले, असं करता येतं. गाण्यात हे उपाय घालू नका, गाणं वेळापत्रक होईल. पण चुकीला तिच्या नेमक्या नावानं हाक मारण्याचं काम गाण्याचं आहे, आणि उपायाची दिशा त्यातूनच दिसते. तिसऱ्या ओळीतला 'भिडतो' हा पूर्ण गाण्यातला एकमेव झुंजार शब्द. यमकात 'अडतो'चा अ आणि इथला इ जुळत नाही, पण 'डतो' कानाला पुरतं. आणि दोन अंतरे खरं बोलून झाल्यावर एक झुंजार शब्द पेलला जातो.

भावाच्या चुका वेगळ्या असतील तर हा अंतरा उसना घेऊ नका, त्याच साच्यात त्याच्या चुका भरा. साचा असा: आठ मात्रांत 'काय होतं', मग 'मीच' किंवा 'तेच' धरून तीन-तीन-दोनमध्ये 'काय झालं'. 'खोडले'ला जुळणारे शब्द मर्यादित आहेत, सोडले, तोडले, मोडले, जोडले. त्यात त्याची चूक बसत नसेल तर यमकच बदला. यमकासाठी चूक बदलली तर भावाला ते पहिल्याच ऐकण्यात कळेल.

तिसऱ्या अंतऱ्यात लोक हमखास शिखरावर जातात. तुमच्या भावाचं ठरलेलं नाही, तेव्हा गाण्यानंही तिथेच थांबलं पाहिजे, पण अधांतरी नाही:

नाव असो वा नसो यादीत
तारीख एक लिहिली वहीत
दिवस तेवढा मीच निवडतो

ही तारीख कशाची? ज्या दिवसापर्यंत ठरवायचं त्या दिवसाची. पुन्हा बसायचं की नाही हा प्रश्न रोज सकाळी नव्यानं सोडवत बसलं की महिनाभरात माणूस त्यानंच थकतो, अभ्यास होवो न होवो. तारीख ठरली की मधले दिवस त्या प्रश्नापासून मोकळे होतात. साधारण तीन ते चार आठवडे पुढची तारीख बरी पडते, मात्र ती अर्ज भरण्याच्या मुदतीच्या आत असली पाहिजे. त्या आत गुणपत्रिका, उत्तरतालिका, उरलेले प्रयत्न, वयाची अट आणि घरचा खर्च हे सगळं एकदा कागदावर यावं. तारीख तुम्ही सुचवू नका. 'मीच निवडतो' ही ओळ खरी ठरायची तर ती त्यानंच निवडायला हवी. इथे 'निवडतो'चं 'उघडतो'शी यमक पूर्ण जुळतं, म्हणून ध्रुवपदावर परत येताना गाणं घट्ट मिटल्यासारखं वाटतं. चांगलं यमक शेवटच्या अंतऱ्यासाठी राखून ठेवावं ते यासाठीच.

शेवटी ध्रुवपद परत येताना एकच शब्द बदला:

नवे पान मी आज उघडतो
जुन्या खुणांशी थोडा अडतो

'एक' तीन मात्रांचा, 'नवे'ही तीनच, त्यामुळे चालीला धक्का लागत नाही. दुसरी ओळ तशीच ठेवायची. पान नवं आहे आणि खुणा जुन्याच आहेत, एवढाच फरक गाण्यात घडतो. याहून मोठा बदल गाण्याच्या दोन मिनिटांत होत नाही, आणि दाखवला तर तो पटत नाही.

चालीबद्दल थोडक्यात. तुम्ही शिकलेल्या गायिका नसाल असं धरते. ध्रुवपद सा ते प एवढ्याच पट्ट्यात ठेवा. एक साधी चाल देते, प्रत्येक चिन्ह एक मात्रा, '–' म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा:

ग – रे सा – रे ग – । प – ग रे ग ग रे –
सा रे – ग प – ग – । रे – ग – रे रे सा –

पहिली ओळ 'रे'वर सुटते, म्हणजे कानाला अजून काही यायचं आहे असं वाटतं; दुसरी 'सा'वर टेकते. अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळी पंचमापासून सुरू करून धैवतापर्यंत न्या, वरचा सा एकदाच, 'भिडतो'वर. प्रत्येक अंतऱ्यात वरचा सा लावला की त्याचं वजन जातं. पट्टी हार्मोनियमच्या काळी चारच्या आसपास धरून बघा. खालचा सा पुटपुटल्यासारखा आला तर पट्टी वर न्या, वरच्या सा ला मान ताणावी लागली तर खाली. भावालाही म्हणावंसं वाटलं तर त्याच्यासाठी वेगळी पट्टी लागेल, पुरुषाच्या न शिकलेल्या आवाजाला काळी एक ते काळी दोन साधारण झेपते.

लय मेट्रोनोमवर मिनिटाला 80 ठोके ठेवा आणि एका ठोक्यात दोन मात्रा म्हणा. सोळा मात्रांची ओळ सहा सेकंदांत होते. सुरुवातीला ध्रुवपद दोनदा, मग प्रत्येक अंतऱ्यानंतर दोन ओळींचं ध्रुवपद, असं धरलं तर एकूण एकोणीस ओळी, म्हणजे जेमतेम दोन मिनिटं. 110च्या पुढे गेलात तर गाणं मिरवणुकीचं होतं आणि 'दडतो'सारखा शब्द त्यात हास्यास्पद वाटतो. 60च्या खाली गेलात तर 'अडतो'च शिल्लक राहतो. लय बरोबर आहे का हे कळायची खूण सोपी आहे: गाणं म्हणत खोलीत चाला. पावलं ओढावी लागली नाहीत आणि धावावीही लागली नाहीत, तर लय जमली.

रेकॉर्डिंग फोनवर, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवून करा. मागे तयार संगीत लावू नका. मांडीवरचा ठेका पुरे. तयार ट्रॅकवर शब्द दबतात आणि तुमच्या आवाजातली ओळख निघून जाते. त्याच्यासाठी तर तीच खरी किमतीची आहे. एक अक्षर चुकलं म्हणून दहा वेळा रेकॉर्ड करत बसलात तर आवाज सपाट होतो. दुसरं किंवा तिसरं रेकॉर्डिंगच बहुधा सगळ्यात जिवंत असतं.

द्यायचं कधी, हे लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे. निकालाच्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. त्यानं स्वतः होऊन गुणपत्रिका किंवा उत्तरतालिका उघडली, चुकांबद्दल आपणहून एखादं वाक्य बोलला, की मग द्या. त्याआधी दिलं तर दुसरा अंतरा जखमेवर बोट ठेवतो. देताना "ऐक आणि सांग कसं वाटलं" असं म्हणू नका, पाठवा आणि सोडून द्या. चार लोकांत लावू नका, घरच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. पहिल्या अंतऱ्यात जे लपणं आहे ते त्यानं तुमच्यापुढे मान्य करणं वेगळं आणि सगळ्या नातेवाइकांपुढे उघडं होणं वेगळं.

गाणं काम करतंय की नाही हे किती वेळा ऐकलं यावरून ठरवू नका. दिवसातून वीस वेळा ऐकतो आणि पुस्तक बंदच, असं दिसलं तर गाणं अभ्यासाची जागा घेतं आहे. ऐकून तात्पुरतं बरं वाटतं आणि तेवढ्यावरच दिवस निघतो. अशा वेळी काही समजवायला जाऊ नका. फक्त एवढं सुचवा की गाणं पान उघडण्याच्या आधी एकदा लावायचं, नंतर नाही. उलट तो एकदाच ऐकून बाजूला ठेवतो पण वहीत तारीख लिहितो, तर गाण्याचं काम झालं.

दोन परिस्थितींत हे गाणं देऊ नका. एक, त्याचे प्रयत्न संपले असतील किंवा वयाची मर्यादा ओलांडली असेल. तिसऱ्या अंतऱ्यातली निवड मग त्याच्याकडे उरलेलीच नाही, आणि ती असल्यासारखं गाणं क्रूर ठरेल. दोन, त्याची झोप आणि जेवण आठवडाभराहून जास्त बिघडलं असेल, तो कोणाशीच बोलत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं एकदाही बोलला असेल. मग गाणं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे त्याच्याबरोबर जा.

पूर्ण गाणं एकत्र लिहून देते, म्हणजे म्हणताना सोयीचं पडेल. प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद, आणि शेवटी बदललेलं:

एक पान मी आज उघडतो
जुन्या खुणांशी थोडा अडतो

नाव शोधता यादी सरली
दोन गुणांवर रेषा ठरली
कोणी पुसता मागे दडतो

सुचले होते, मीच खोडले
सोपे होते, तेच सोडले
एकेकाशी आता भिडतो

नाव असो वा नसो यादीत
तारीख एक लिहिली वहीत
दिवस तेवढा मीच निवडतो

नवे पान मी आज उघडतो
जुन्या खुणांशी थोडा अडतो

पुढे कधी त्यानं यातला एखादा शब्द बदलून म्हटलेला कानावर आला, तर तुमचा शब्द परत आणायचा आग्रह धरू नका. मात्रा चुकत असतील तरी तालात म्हणता म्हणता तो स्वतःच त्या जुळवून घेईल.